सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस : तारीख, कोरम आणि ‘माझ्याऐवजी हा येईल’चा घोळ

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ही तारीख बहुतेक सचिवांना पाठ असते. सभा वादात सापडते ती नोटीस मागच्या बाजूने दिवस मोजून न काढल्यामुळे.

आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. ‘पूर्ण’ या शब्दाकडेच दुर्लक्ष होतं. नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही यात धरायचे नाहीत. समजा, सभा रविवारी २७ सप्टेंबर २०२६ रोजी ठेवली. मधले १४ दिवस १३ ते २६ सप्टेंबर. म्हणजे शेवटच्या सदस्याच्या हातात नोटीस १२ सप्टेंबरला पडलेली हवी. १३ तारखेला वाटली तर एक दिवस कमी पडतो, आणि नाराज सदस्याला तक्रारीसाठी तेवढंच पुरतं. नोटिशीवर छापलेली तारीख इथे कामाची नाही, पोचीवरची सही कामाची. फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. हातपोच द्या, बाहेरगावच्यांना पोस्टाने किंवा त्यांनी सोसायटीला कळवलेल्या ई-मेलवर पाठवा, फलकावर लावा आणि एक प्रत उपनिबंधक कार्यालयात देऊन शिक्का घ्या.

कोरम म्हणजे एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. २४ सदनिकांच्या सोसायटीत १६ जण लागतात, ३६ सदनिका असतील तर २४ नव्हे, २० पुरतात. नवरा-बायको दोघांनी हजेरीपटावर सह्या केल्या तरी सदनिकेमागे एकच सदस्य मोजा. (पुनर्विकासाच्या सभेची गणपूर्ती वेगळी आणि कडक असते, तिला हा हिशेब लावू नका.)

ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते. इथे नोटिशीतलं एक वाक्य सगळं वाचवतं. तहकूब सभा त्याच दिवशी उशिरा घ्यायची असेल तर ती वेळ मूळ नोटिशीतच लिहिलेली हवी. नसेल तर सभा किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवसांनीच घेता येते. वरच्या उदाहरणात सात दिवसांनी ४ ऑक्टोबर उजाडतो आणि ३० सप्टेंबरची मुदत हुकते. मग खुलासे समितीला द्यावे लागतात, गैरहजर राहिलेल्यांना नाही. म्हणून नोटिशीत असं लिहा: ‘सकाळी १०.३० पर्यंत गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी ११ वाजता घेण्यात येईल. त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.’ आणि तहकूब सभा ११ वाजताच सुरू करा, ‘आता पुरेसे जमले’ म्हणून पावणेअकराला नाही. इतिवृत्तात दोन्ही वेळा लिहा.

आता प्रॉक्सी. कंपनीच्या सभेत प्रॉक्सी चालतो म्हणून इथेही चालेल, असं गृहीत धरलं जातं. चालत नाही. सहकार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मत स्वतःच द्यायचं असतं. उपविधींनी तर मुखत्यारपत्रधारकाला किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्याला सदस्याच्या वतीने सभेला बसायलाही मनाई केली आहे. परदेशातल्या मुलाचं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र घेऊन म्हातारे वडील येतात आणि दारातून परत जातात, तेव्हा वाईट वाटतं, पण सचिवाच्या हातात काही नसतं. उपाय आधी करायचा असतो: मुलाने लेखी अर्ज करून वडिलांना सहयोगी सदस्य करून घ्यावं. मग मुलाच्या लेखी पूर्वसंमतीने ते मत देऊ शकतात. ही संमती सभेआधी दफ्तरी पोचवा. भागपत्रावर दोन नावं असतील तर पहिल्याचं मत; तो गैरहजर असेल तर दुसऱ्याचं. सदनिका कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीने लेखी नेमलेली व्यक्ती चालते. भाडेकरू चालत नाही.

विषयपत्रिकेतले नेहमीचे विषय, म्हणजे मागील इतिवृत्त, समितीचा अहवाल, हिशेबपत्रके, लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती, लेखापरीक्षकाची नेमणूक, अंदाजपत्रक, हे सगळ्यांना जमतात. गडबड शेवटच्या ओळीत होते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ ज्या विषयाला रीतसर नोटीस लागते तो इथे घेता येत नाही. उपविधी दुरुस्ती ऐनवेळी मंजूर केली, हजर सगळ्यांनी हात वर केले, तरी ती उपनिबंधकांकडे नोंदणीला गेल्यावर पहिला प्रश्न नोटिशीचाच येतो. अशी दुरुस्ती करायची असेल तर जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी छापून नोटिशीलाच जोडा.