बिदअत

इस्लामी धर्मशास्त्रात बिदअत म्हणजे पैगंबरांच्या काळी नसलेली आणि नंतर धर्मात आलेली नवी गोष्ट. ‘प्रत्येक बिदअत म्हणजे पथभ्रष्टता’ ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, प्रसिद्ध आहे. मात्र दुसरे खलिफा उमर यांनी रमजानमधील तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजासाठी विखुरलेल्या लोकांना एका इमामामागे उभे केले, तेव्हा ‘ही किती चांगली बिदअत!’ असे उद्गार काढल्याचे बुखारींच्या हदीससंग्रहात नोंदलेले आहे. या दोन वचनांची सांगड कशी घालायची, यावर फकीहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांमध्ये, शतकानुशतके वाद चालला.

इमाम शाफिई (मृत्यू 820) यांनी नव्या गोष्टींचे दोन भाग केले. कुराण, सुन्नत म्हणजे पैगंबरांचा आचार, सहाबांची म्हणजे त्यांच्या सोबत्यांची परंपरा किंवा एकमत यांच्या विरोधात जाणारी नवी गोष्ट निंद्य ठरते. विरोधात न जाणारी आणि हिताची असलेली निंद्य नाही. दमास्कस आणि कैरो येथे काम केलेले इज्जुद्दीन इब्न अब्द अस्सलाम (मृत्यू 1262) यांनी हीच विभागणी पुढे नेऊन बिदअतीला शरियतचे पाचही दर्जे लावले. कुराण समजण्यासाठी व्याकरण शिकणे त्यांनी वाजिब (अनिवार्य) मानले आणि मदरसे बांधणे मंदूब (पुण्यकारक). फजर व असरच्या, म्हणजे पहाटेच्या व दुपारनंतरच्या नमाजानंतर हस्तांदोलन करणे मुबाह (मोकळीक असलेले), मशिदींची सजावट मकरूह (नापसंत) आणि पाखंडी पंथांची मते हराम ठरली. नवी गोष्ट कोणत्या नियमाखाली बसते ते पाहावे आणि त्या नियमाचा दर्जा तिला द्यावा, अशी त्यांची रीत होती.

या रीतीची खरी परीक्षा मौलिदने, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनाच्या मेळाव्याने घेतली. सुरुवातीच्या तीन पिढ्यांत तो नव्हता, हे त्याच्या समर्थकांना आणि विरोधकांनाही मान्य होते. शियापंथी फातिमी घराण्याच्या दरबारात कैरोमध्ये तो साजरा होई. सुन्नी जगात आजच्या उत्तर इराकमधील अरबिलचा राजा मुजफ्फरुद्दीन गोकबोरी (मृत्यू 1233) याचा मौलिद विशेष गाजला. जन्मतिथीबाबत मतभेद असल्याने तो एका वर्षी रबीउल अव्वलच्या 8 तारखेला, तर पुढच्या वर्षी 12 तारखेला मेळावा भरवी.

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुन्नी धर्मशास्त्राच्या मालिकी परंपरेतील फकीह ताजुद्दीन फाकिहानी यांनी मौलिदला पाच दर्जांच्या चाळणीतून काढले. तो वाजिब नाही, हे उघडच. मंदूब म्हणजे शरियतने ज्याची मागणी केली आहे ते. पण इथे तशी मागणी नाही आणि सहाबांनी तसे केलेलेही नाही. धर्मात भर घालणे मुबाह असू शकत नाही. म्हणजे मकरूह आणि हराम एवढेच दोन दर्जे उरले. कुणी स्वतःच्या पैशाने घरच्यांना व मित्रांना जेवू घातले आणि पाप काही घडले नाही, तर ते मकरूह. वर्गणी दबावाने वसूल केली, देणाऱ्याने जड अंतःकरणाने पैसे दिले, वाद्यांसह गाणे झाले, स्त्रीपुरुष एकत्र मिसळले, तर ते हराम. शिवाय जन्माचा महिना तोच मृत्यूचाही महिना आहे, मग दुःखापेक्षा आनंदालाच प्राधान्य का, असेही त्यांनी विचारले.

जलालुद्दीन सुयूती (मृत्यू 1505) यांनी या युक्तिवादाला मुद्देसूद उत्तर दिले. त्यांनी आधी मेळाव्याचे घटक नेमके सांगितले: लोक जमतात, कुराणातील जमेल तेवढा भाग वाचतात, पैगंबरांच्या जन्मावेळच्या घटना सांगतात, मग दस्तरखान अंथरला जातो आणि जेवून सगळे परततात. एवढेच असेल तर ती चांगली बिदअत. मंदूब हा दर्जा थेट वचनाप्रमाणेच कियासनेही, म्हणजे साधर्म्यावरून काढलेल्या निष्कर्षानेही सिद्ध होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी इब्न हजर अस्कलानी यांचा आधार घेतला: फिरऔनपासून पैगंबर मूसांच्या झालेल्या सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून आशूराचा, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाचा रोजा ठेवला जातो, म्हणजे एखाद्या दिवशी लाभलेल्या कृपेची आठवण दरवर्षी ठेवण्याला आधार आहे. दबावाची वर्गणी आणि इतर गैरप्रकार हराम आहेत, हे त्यांनाही मान्य होते. पण जुम्म्याच्या नमाजाच्या जमावात तसे घडले, तर निषेध त्या प्रकारांचा करायचा. जुम्मा हराम होत नाही. मृत्यूच्या मुद्द्यावर त्यांचे उत्तर असे: शरियत जन्मावेळी अकीका, म्हणजे मुलाच्या जन्माप्रीत्यर्थ कुर्बानी करायला सांगते, मृत्यूवेळी मात्र आक्रोशाला मनाई करते.

सुयूतींचे उत्तर अधिक काटेकोर वाटते, कारण त्यात दोष नेमका कोणत्या घटकाचा हे वेगळे काढता येते. पण विरोधकांची मूळ अडचण त्याने सुटत नाही. कुराणवाचन, दान, जेवण हे सुटेसुटे चांगले असले, तरी त्यांना ठराविक तारीख बांधून दिली की लोक तिलाच धर्माची अट समजू लागतात. ग्रानाडाचे शातिबी (मृत्यू 1388) यांनी म्हणूनच पाच दर्जांची विभागणी नाकारली. व्याकरण किंवा मदरसे ही त्यांच्या मते बिदअत नव्हेच, ती धर्माच्या रक्षणाची साधने. उपासनेत घातलेली भर मात्र नेहमीच निंद्य. इब्न तैमिया (मृत्यू 1328) यांनीही मौलिदला बिदअत ठरवले, पण पैगंबरांवरील प्रेमापोटी तो करणाऱ्याला त्या प्रेमाचे पुण्य मिळू शकते, असे त्यांनी लिहिले. कृतीचा निवाडा आणि करणाऱ्याचा निवाडा त्यांनी वेगळा ठेवला.