झोपेतून उठलेला कीबोर्ड पहिली अक्षरं का खातो?

मोबाईल-कॉम्प्युटरच्या दुकानात एकदा विचारून बघा, "माझा ब्लूटूथ कीबोर्ड थोडा वेळ वापरला नाही की सुरुवातीची तीन-चार अक्षरं उमटतच नाहीत, काय करू?" उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, तुमचा जुना आहे, आता ब्लूटूथ ५ वाला घ्या, डबल स्पीड आहे." आता स्पीड डबल असतो हे खरंय, पण कीबोर्डला तो करायचाय काय? एक बटण दाबलं की साधारण ८ बाइट हवेतून जातात, आणि तुम्ही कितीही भन्नाट टाईप करत असाल तरी १९९९ सालच्या ब्लूटूथलाही ते अगदीच किरकोळ काम आहे. म्हणजे अक्षरं गेली ती पाठवण्याचा वेग कमी पडला म्हणून नाही. ती गेली तेव्हा मुळात कनेक्शनच नव्हतं.

आधी कीबोर्ड झोपतो का ते थोडक्यात. समजा एक एएए सेल १००० मिलिअँपिअर-तासांचा आहे आणि जोडलेल्या अवस्थेत कीबोर्ड सरासरी १ मिलिअँपिअर घेतो, तर ४१-४२ दिवसांत सेल संपला. म्हणून काही मिनिटं कुणी बटण दाबलं नाही की कीबोर्ड रेडिओ बंद करून टाकतो, कनेक्शन रीतसर तोडतो आणि फक्त "कुठलं तरी बटण दाबलं गेलं का" एवढंच बघणारा एक छोटा भाग जागा ठेवतो, ज्याला त्या १ मिलिअँपिअरच्या शंभराव्या हिश्शाइतकाही करंट लागत नाही. सेल महिनोन्‌महिने टिकतो तो यामुळेच. स्क्रीनवर "कनेक्टेड" दिसो न दिसो, या वेळी दोघांमध्ये काहीही बोलणं चालू नसतं.

मग तुम्ही येता, बटण दाबता. कीबोर्डमधली चिप जागी होते, तिला फार तर काही मिलिसेकंद लागतात. इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

क्लासिक ब्लूटूथमध्ये, म्हणजे बऱ्याच जुन्या आणि अजूनही विकल्या जाणाऱ्या कीबोर्डांमध्ये, जागा झालेला कीबोर्ड कॉम्प्युटरला हाका मारतो. याला पेजिंग म्हणतात. पण कॉम्प्युटर काही सतत कान देऊन बसलेला नसतो, त्यालाही वीज वाचवायचीय आणि त्याच अँटेनावर वायफायसुद्धा चालवायचंय. नेहमीच्या सेटिंगला तो दर १.२८ सेकंदांतून एकदा, फक्त ११.२५ मिलिसेकंद ऐकतो. म्हणजे एक टक्क्यापेक्षाही कमी वेळ! बाकी ९९ टक्के वेळ तुम्ही कितीही हाका मारा, पलीकडे बहिरा. शिवाय ऐकतो तेही एकाच फ्रिक्वेन्सीवर, आणि ती फ्रिक्वेन्सी दर १.२८ सेकंदांनी बदलते, ठरलेल्या ३२ फ्रिक्वेन्सींमधून, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे.

कीबोर्डला कॉम्प्युटरचा पत्ता माहीत असतो, त्यामुळे त्या ३२ कुठल्या हे त्याला कळतं. आत्ता यातली नेमकी कुठली हे मात्र त्याला अंदाजानेच काढावं लागतं. म्हणून तो ३२ चे दोन गट करतो, १६-१६ चे. ज्या गटात कॉम्प्युटर असण्याची शक्यता जास्त, तो आधी. एका गटातल्या सोळाही फ्रिक्वेन्सींवर एकेक हाक मारून व्हायला १० मिलिसेकंद लागतात, आणि आता कळेल की ऐकायची खिडकी ११.२५ चीच का: १० मिलिसेकंदांची अख्खी फेरी तिच्यात मावते आणि वर थोडी जागा उरते. गट बरोबर असेल तर खिडकी उघडली की त्या एकाच खिडकीत हाक ऐकू जाणार म्हणजे जाणारच (मध्ये वायफायने गोंधळ घातला नाही तर). हे ज्यांनी आखलं त्यांना मनापासून सलाम. कीबोर्ड हीच फेरी १२८ वेळा मारतो, म्हणजे १.२८ सेकंद, आणि तरी उत्तर नाही आलं तर दुसऱ्या गटाकडे वळतो. गट चुकला तर आणखी १.२८ सेकंद गेले, म्हणजे सगळ्यात वाईट केस अडीच सेकंदांच्या वर.

गट चुकतो कधी? कीबोर्डच्या घड्याळाचा अंदाज साधारण ९-१० सेकंदांपर्यंत चुकला तरी पहिला गट बरोबर निघतो. झोपेत असताना ब्लूटूथच्या नियमाप्रमाणे घड्याळ दहा लाखांत २५० इतकं चुकायला मुभा आहे, म्हणजे तासाला ०.९ सेकंद. जेवणाच्या सुट्टीत काहीच बिघडत नाही. पण संध्याकाळी ७ ला ऑफिस सोडलं आणि सकाळी ९ ला आलात तर १४ तासांत हा फरक १२.६ सेकंदांपर्यंत जाऊ शकतो आणि मग पहिला गट चुकीचा ठरू शकतो. प्रत्यक्षात घड्याळाचे क्रिस्टल यापेक्षा बरे असतात, पण काही कीबोर्ड गाढ झोपेत घड्याळच बंद करतात, त्यांचा अंदाज म्हणजे नाणेफेकच. "सकाळी पहिल्यांदा जास्त वेळ लागतो" ही तक्रार अगदीच मनाचा खेळ नाही ती अशी.

हाक ऐकली गेली की पुढे एकमेकांची ओळख पटवणं, एन्क्रिप्शन सुरू करणं, कीबोर्डसाठी लागणारे दोन चॅनल उघडणं हे सगळं होतं. त्याला आपण ३०० मिलिसेकंद धरू.

आता हिशोब करून बघू. तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये "नमस्कार" लिहिताय. बटणं सात: न, म, स, हलंत, क, काना, र. मिनिटाला २०० बटणं हा साधा वेग धरला तर दर ३०० मिलिसेकंदांनी एक. पहिलं बटण शून्यावर, त्यानेच कीबोर्ड उठला. गट बरोबर आहे आणि ऐकायची खिडकी ७०० मिलिसेकंदांनी उघडली, वर ३००, म्हणजे कनेक्शन तयार झालं बरोबर १ सेकंदाला. तोवर ०, ३००, ६००, ९०० ला दाबलेली न, म, स आणि हलंत ही चार बटणं गेली. स्क्रीनवर उमटलं "कार". खिडकी जरा लवकर, ४०० ला उघडली असती तर फक्त तीन गेली असती आणि सुरुवातीला आधार नसलेला हलंत उमटला असता, तो टिंबाटिंबांचा गोल दिसतो ना, तो: "◌्कार". आणि नशीबच खराब असेल, पूर्ण १.२८ सेकंद थांबावं लागलं, तर नुसता "र". तोच कीबोर्ड, तोच माणूस, तोच शब्द, आणि दर वेळी वेगळा निकाल. म्हणूनच लोकांना वाटतं की काहीतरी "लूज" आहे आणि ते सेल काढून पुसून परत घालतात, आणि तेवढ्यात कीबोर्ड जोडला जातो, की पुसल्याने काम झालं असं घरात जाहीर होतं.

पण गेलेली बटणं नंतर का पाठवत नाही? कारण कीबोर्ड "न लिहिला" असं कधी सांगतच नाही. तो सांगतो "आत्ता या क्षणी अमुक बटण खाली दाबलेलं आहे". बोट उचललं की परत एक निरोप, आता काहीच दाबलेलं नाही. अक्षर कुठलं, मराठी की इंग्रजी, ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे कनेक्शन नसताना दाबून सोडलेलं बटण ही झालेली-गेलेली गोष्ट. कनेक्शन आलं तेव्हा ते वरच आहे, सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. चांगल्या कीबोर्डमध्ये असे निरोप रांगेत साठवायची सोय केलेली असते, मग जुळणी होताच सगळी अक्षरं एकदम भसकन येतात, उशिरा पण पूर्ण. याचीच उलटी बाजू म्हणजे "ककककककक". दाबल्याचा निरोप पोचला, सोडल्याचा अडकला, आणि दाबून ठेवल्यावर अक्षर परत परत उमटवायचं काम कॉम्प्युटरचं असल्याने तो इमानदारीत उमटवत बसतो.

तुमच्याकडे काय होतंय ते ओळखायला नोटपॅड उघडा, कीबोर्डला झोपू द्या आणि एका लयीत 1234567890 दाबा. 567890 आलं तर रांग नाही, जुळणीत अक्षरं गेली. सगळे आकडे उशिरा पण एकदम आले तर रांग आहे, मग चिंता सोडा. अधूनमधून, टाईप करता करताही आकडे गळत असतील तर हा झोपेचा प्रश्नच नाही, आजूबाजूचा गोंगाट किंवा संपत आलेला सेल बघा. आणि एक चौथा प्रकार आहे जो लोक हमखास कीबोर्डच्या माथी मारतात: नुसतं चार-पाच सेकंद थांबलात तरी पुढचं पहिलं अक्षर जातं. इतक्या लवकर कीबोर्ड झोपत नाही. इथे झोपतो तो कॉम्प्युटरचा ब्लूटूथ अडॅप्टर, जो लॅपटॉपच्या आतसुद्धा बहुतेकदा यूएसबीवरच जोडलेला असतो.

विंडोजमध्ये Device Manager, मग Bluetooth, मग तुमचा अडॅप्टर, मग Power Management इथे "Allow the computer to turn off this device to save power" वरची टिक काढायची. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा टॅबच दिसत नाही, तेव्हा तो शोधत बसू नका. लिनक्सवाल्यांनी /etc/modprobe.d/ मध्ये एक फाईल करून ही ओळ टाकायची आणि रीस्टार्ट करायचं:

```
options btusb enable_autosuspend=n
```

ही टिक काढून कीबोर्डची स्वतःची झोप मात्र कमी होत नाही, एवढं लक्षात ठेवा. १५ मिनिटांनी परत आलात तर पेजिंगची सगळी कथा तशीच घडणार. त्यावर लिनक्समध्ये /etc/bluetooth/main.conf मध्ये वेगळा उपाय आहे:

```
[General]
FastConnectable = true
```

याने कॉम्प्युटर १.२८ सेकंदांऐवजी दर १६० मिलिसेकंदांनी कान देतो, आणि अडॅप्टरला जमत असेल तर दोन्ही गटांच्या फ्रिक्वेन्सीवर लागोपाठ ऐकतो, म्हणजे गट चुकायची भानगडच संपली. आपल्या हिशोबात सगळ्यात वाईट केस १६० अधिक ३०० अशी ४६० मिलिसेकंदांची होते, आणि "नमस्कार"चा निदान "स्कार" तरी उरतो. पूर्ण इलाज नाहीच हा, आणि लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त जाते.

नवीन ब्लूटूथ लो एनर्जी कीबोर्डमध्ये नावं बदलतात, भूमिका उलट्या होतात: कीबोर्ड ३७, ३८, ३९ या तीन चॅनलवर "मी आहे, मी आहे" असं सांगत राहतो आणि कॉम्प्युटर अधूनमधून ऐकून स्वतः जोडून घेतो. चॅनल तीनच, त्यामुळे शोधाशोध कमी. पण कॉम्प्युटर वीज वाचवायला किती विरळ ऐकतो यावर उशीर ठरतो, ते इथेही सुटत नाही. कॉम्प्युटर स्वतःच स्लीपमधून उठत असेल तर आणखी भर, कारण कीबोर्ड तयार असला तरी अडॅप्टर अजून डोळे चोळत असतो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो लॉगिनच्या पासवर्डला, कारण तिथे नुसते ठिपके दिसतात आणि पहिली तीन अक्षरं गेली हे कळत नाही, तीनदा "चुकीचा पासवर्ड" आला की आपण स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. तिथे आधी Shift एकदा दाबा आणि तीनेक सेकंद थांबा. Shift ने काही उमटत नाही पण कीबोर्ड उठतो. सारखं सारखं मात्र दाबू नका, पाचव्यांदा दाबलं की विंडोज Sticky Keys चालू करायचं का म्हणून विचारतं.