अंडी उबवणे (इंदूर परिसर)

खुडूक कोंबडीखाली किंवा छोट्या इन्क्युबेटरमध्ये फलित अंडी ठेवून २१ दिवसांत पिल्ले काढण्याची पद्धत. इंदूरकडे तिला एक खास कारण आहे. जवळच्या झाबुआचा कडकनाथ (भौगोलिक मानांकन २०१८) इथे हौसेने पाळतात, पण त्याच्या कोंबड्या सहसा नीट खुडूक बसत नाहीत. म्हणून त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवावी लागतात.

अंडी मध्यम आकाराची, बिनतड्याची आणि सात दिवसांच्या आतली घ्यावीत. ती धुऊ नयेत, कारण कवचावरचे संरक्षक आवरण निघून जाते. ठेवताना टोकदार बाजू खाली असावी.

गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. ती चोचीने अंडी स्वतःच फिरवते आणि दिवसातून एकदा थोडा वेळ दाणापाण्याला उठते. तेव्हा तिला घाईने परत बसवू नये. यंत्रात ही फिरवाफिरव आपल्याला करावी लागते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली मारून दिवसातून तीन किंवा पाच वेळा ते उलटावे. आकडा विषम ठेवला की लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही. अठराव्या दिवशी फिरवणे बंद करावे.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात. इंदुरात खरी परीक्षा ओलाव्याची असते. पहिले अठरा दिवस आर्द्रता साधारण ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागते. मे महिन्यातली कोरडी हवा आणि श्रावणातली दमट हवा यांना एकच पाण्याची वाटी पुरत नाही. स्वस्त आर्द्रतामापकापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा अधिक विश्वासाचा, कारण अठरा दिवसांत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटायला हवे.

समजा दहा अंडी पहिल्या दिवशी ४५० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती ४२९ ग्रॅमच्या आसपास हवीत. ४१८ भरली तर अंडी सुकत आहेत. अशा वेळी वाटीत आणखी पाणी ओतून उपयोग नाही. पसरट ताटली ठेवावी, कारण वाफ पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर ठरते. ४४० भरली तर पाणी काढून घ्यावे. अंधारात बॅटरीवर अंडे धरले की रुंद टोकाची हवेची पोकळी दिसते, तिच्यावरूनही हेच कळते. हवा कोरडी राहिली तर पोकळी फार मोठी होते. फार ओली राहिली तर लहानच राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवच फोडण्याआधी आतच गुदमरते.

विसाव्या दिवशी कवचाला पहिले भोक पडले की झाकण उघडायचा मोह आवरावा. ओलावा निसटला तर पडदा वाळून पिल्लाभोवती कागदासारखा घट्ट बसतो आणि त्याला आत वळता येत नाही. भोक पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला बारा ते चोवीस तास लागू शकतात. तेवढ्यात त्याची आतली चिवचिव बाहेर ऐकू येत असते.