मैत्रिणी वाढवल्या, तरी उत्तर तेच

"जास्त जणींना विचारलं की सर्व्हे आपोआप बरोबर येतो ना?"

नाही. सांगलीतल्या एका 240 मुलींच्या हॉस्टेलचं उदाहरण घेऊ. मेसचं जेवण रात्री नऊला हवं का, असं एकीने 30 मैत्रिणींना विचारलं. 27 हो म्हणाल्या. मग मैत्रिणींच्या मैत्रिणी धरून 60 केल्या, तर 54 हो. टक्केवारी तीच, 90! इथेच तिला शंका आली. सगळ्या अभ्यासिकेत उशिरापर्यंत बसणाऱ्या. पहाटे सहाच्या ड्यूटीला जाणाऱ्या नर्सिंगच्या मुली यादीत नव्हत्याच.

मग तिने हॉस्टेलचं रजिस्टर घेतलं. 1 ते 8 मधली एक चिठ्ठी काढली, 3 आला. म्हणून 3, 11, 19 अशी दर आठवी मुलगी, एकूण 30. खोलीला कुलूप असेल तर शेजारणीला विचारायचं नाही, रात्री परत जायचं (कंटाळवाणं, पण इथेच बहुतेक जण घसरतात). या वेळी हो फक्त 13, म्हणजे 43 टक्के.

या आकड्यातही साधारण 17 टक्क्यांचा फरक इकडे-तिकडे असू शकतो. संख्या वाढवून तो कमी होतो. निवडीतला कल मात्र कमी होत नाही.