मास्टर पासवर्ड विसरला तर?

पासवर्ड मॅनेजर ॲपमध्ये आपले सगळे पासवर्ड एकाच मास्टर पासवर्डनं उघडतात. त्याबद्दल अनेकांना वाटतं, "मास्टर पासवर्ड कंपनीकडं असतोच की. उद्या माझं काही झालं, तर घरचे कागद दाखवून उघडून घेतील."

नाही. बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरमध्ये पासवर्डांची तिजोरी तुमच्याच फोनवर कुलूपबंद होऊन मग कंपनीकडं जाते. किल्ली मास्टर पासवर्डातून बनते, आणि तो कंपनीकडं नसतोच. मृत्यूचा दाखला दिला तरी ते उघडणार कशानं?

म्हणून तो लक्षात राहील असा, पण अंदाज न येणारा हवा. चिठ्ठ्या टाकून पाच शब्द काढा, जसं `kandil-bardana-hurda-peti-jambhul` (हाच नका ठेवू!). कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवला तरी चालतो.

घरच्यांसाठी बिटवॉर्डनमध्ये 'इमर्जन्सी ॲक्सेस' ही सोय आहे. देणाऱ्याला पैसे भरावे लागतात, घेणाऱ्याला फुकट खातं पुरतं. समजा, लातूरच्या दुकानदारानं बायकोला निमंत्रण पाठवलं आणि मुदत सात दिवस ठेवली. तिनं स्वीकारलं. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं, कारण नंतर नवऱ्यानं परत आत जाऊन Confirm दाबावं लागतं. ते राहिलं तर सगळं फुकट.

पुढं तो दवाखान्यात असताना तिनं मागणी केली, की त्याला ईमेल जातो. सात दिवसांत त्यानं नाकारलं नाही, तर तिजोरी तिला दिसते. बँकेचा वगैरे ओटीपी मात्र त्याच्याच सिमवर येणार, तेव्हा रिचार्ज चालू ठेवा.