एमएमआय मुलाखत: पात्रता, कागदपत्रे आणि नैतिक पेचाच्या स्टेशनची तयारी

वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे एका मोठ्या मुलाखतीऐवजी लहान लहान मुलाखतींची मालिका घेतात. तिला मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, म्हणजेच एमएमआय, असे म्हणतात. ही पद्धत कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झाली आणि तिच्यावरील पहिला शोधनिबंध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय विद्यार्थ्यांची कौशल्ये एकामागून एक ठिकाणी, म्हणजे स्टेशनांवर, तपासणाऱ्या ऑस्की परीक्षेचाच साचा येथे प्रवेशासाठी वापरला आहे. उमेदवार एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला नवा परीक्षक व नवा विषय मिळतो. स्टेशनांची संख्या साधारणतः सहा ते दहा असते. वेळ विद्यापीठागणिक बदलत असला, तरी दाराबाहेर प्रश्न वाचायला दोन मिनिटे आणि आत बोलायला आठ मिनिटे ही मॅकमास्टरची मूळ विभागणी सरावासाठी सोयीची आहे.

या मुलाखतीसाठी स्वतंत्र अर्ज करता येत नाही. प्रवेशाचा मुख्य अर्ज, शैक्षणिक गुण आणि त्या विद्यापीठाने मागितलेली प्रवेश परीक्षा यांच्या आधारे निवडलेल्या उमेदवारांनाच बोलावणे येते. ब्रिटनमध्ये हा अर्ज यूकॅस या केंद्रीय प्रवेश सेवेमार्फत जातो व वैद्यकीय शाखेसाठी त्याची मुदत 15 ऑक्टोबरच्या सुमारास संपते. ऑन्टारिओ प्रांतातील विद्यापीठांसाठी तो ओमसास या केंद्रीय सेवेमार्फत भरावा लागतो. बोलावण्याच्या पत्रात कागदपत्रांची यादी असते आणि तीच प्रमाण मानावी. सर्वसाधारणपणे छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते, आणि इतर देशांतील उमेदवारांसाठी ते बहुधा पासपोर्ट असते. काही ठिकाणी गुणपत्रिकांच्या प्रतीही पडताळल्या जातात. अर्जातील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत आडनावाचा क्रम किंवा स्पेलिंग वेगळे असल्यास प्रवेश विभागाला आधीच लेखी कळवावे, कारण मुलाखतीच्या सकाळी हा घोळ निस्तरायला कोणालाही सवड नसते. मुलाखत ऑनलाइन असेल, तर ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर दाखवावे लागते. प्रश्न बाहेर न सांगण्याच्या हमीपत्रावर स्वाक्षरीही अनेक ठिकाणी घेतली जाते.

कागदपत्रांचा भाग येथे संपतो. खरी तयारी लागते ती नैतिक पेचाच्या स्टेशनसाठी. तेथे ‘बरोबर उत्तर’ शोधण्यात उमेदवारांचा बराच वेळ वाया जातो, पण परीक्षक गुण देतो ते निर्णयापर्यंत तुम्ही कसे पोहोचलात त्याला. एक नमुना प्रश्न घेऊन हे पाहू.

दारावरील कागदावर असे लिहिले आहे: ‘बसचालक असलेला एक रुग्ण डॉक्टरांना सांगतो की गेल्या महिन्यात घरी दोनदा काही क्षण त्याची शुद्ध हरपली होती. तपासण्या अजून व्हायच्या आहेत. नोकरी जाईल या भीतीने तो ही गोष्ट कोणालाही कळवू नका अशी विनंती करतो. डॉक्टरांनी काय करावे?’

वाचनाच्या दोन मिनिटांत उत्तर तयार करू नये. त्याऐवजी तीन गोष्टी मनाशी ठरवाव्यात. पहिली, मला काय माहीत नाही: शुद्ध हरपण्याचे कारण कळलेले नाही, तो आजही बस चालवत आहे का हे लिहिलेले नाही, आणि कुटुंबाचा खर्च त्याच्या एकट्यावर आहे का हेही ठाऊक नाही. दुसरी, या निर्णयाची झळ कोणाला बसेल: रुग्णाला, बसमधील प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना, आणि थोड्या दुरून पाहिले तर पुढच्या अशा रुग्णालाही, कारण डॉक्टर गुपित फोडतात हे पसरले तर तो आपली लक्षणे लपवील. तिसरी, मी कोणत्या टप्प्यावर गुप्तता मोडायला तयार होईन.

आत गेल्यावर सुरुवातीला दोन-तीन मिनिटेच बोलावे, कारण उरलेला वेळ परीक्षकाच्या उपप्रश्नांसाठी असतो. बोलणे साधारण असे असावे: ‘या रुग्णाने विश्वासाने माहिती दिली आहे, म्हणून मी आधी त्याच्याशीच बोलेन. निदान होईपर्यंत वाहन चालवू नये हे त्याला स्पष्ट सांगेन, तपासण्या लवकर कशा होतील ते पाहीन आणि तोवर वाहन न चालवण्याचे दुसरे काम मिळू शकते का, हे विचारायला सुचवीन. परवाना अधिकाऱ्यांना त्याने स्वतः कळवावे असा माझा आग्रह राहील. तरीही तो चालवतच राहिला, तर इतरांच्या जिवाला असलेला धोका गुप्ततेपेक्षा जड ठरतो. तेव्हा मी कळवीन, पण त्याआधी त्याला तसे सांगेन.’ यात स्वायत्तता, हित, अहित न करणे आणि न्याय ही चार तत्त्वे नावानिशी आलेली नाहीत, तरीही विचार त्यांचाच आहे. ती पाठ म्हणून दाखवणारे उमेदवार परीक्षक दिवसभर ऐकत असतो. माझ्या मते नाव घेण्यापेक्षा या रुग्णाच्या बाबतीत त्यांतली कोणती दोन एकमेकांना छेद देतात हे दाखवणे अधिक मोलाचे आहे.

मग उपप्रश्न येतात. ‘आपण गाडी चालवणार नाही असे त्याने वचन दिले तर?’ ‘तीन दिवसांनी तो तुम्हाला बस चालवताना दिसला तर?’ ‘तो तुमचा सख्खा भाऊ असेल तर?’ बहुतेक उमेदवार येथेच घसरतात. परीक्षकाच्या भुवया उंचावल्या म्हणून मत बदलणे हा दोष आहे, पण नवी वस्तुस्थिती समोर आली म्हणून ते बदलणे हा दोष नाही. सरावात हा फरक ओळखण्यासाठी मत बदलताना ‘कारण आता मला असे कळले आहे की…’ हे वाक्य पूर्ण करून पाहावे. ते पूर्ण होत नसेल, तर तुम्ही केवळ दबावाला बळी पडला आहात. भावाच्या प्रश्नात धोका बदलत नाही, आपली तटस्थता बदलते. म्हणून त्याचे उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवावेत हा मुद्दा तेथे सुचला पाहिजे. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे दोन्ही बाजू मांडून शेवटपर्यंत निर्णयच न देणे.

कायद्याचे ज्ञान सहसा अपेक्षित नसते, मात्र चुकीचा कायदा ठामपणे सांगणे अंगाशी येते. याच प्रसंगात ब्रिटनमध्ये परवाना प्राधिकरणाला कळवण्याची कायदेशीर जबाबदारी प्रथम चालकाची असते आणि तो ऐकत नसेल तर डॉक्टर कळवू शकतात. ऑन्टारिओमध्ये मात्र ठरावीक आजारांबाबत कळवणे डॉक्टरांवरच बंधनकारक आहे. म्हणून ‘येथील नियम काय सांगतो ते मी वरिष्ठांकडून तपासून घेईन’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे असते, पण त्यानंतर स्वतःचे मत द्यावेच लागते. प्रश्नात तुमची भूमिका विद्यार्थ्याची असेल, तर डॉक्टरांच्या अधिकारात शिरू नये.

सराव घड्याळ लावून आणि दुसऱ्या माणसासमोर करावा, आणि त्याला फक्त ‘पण… तर?’ असे प्रश्न विचारण्याचे काम द्यावे. बोलणे ध्वनिमुद्रित करून पहिला ठाम निर्णय कितव्या मिनिटाला आला ते नोंदवावे. तो तिसऱ्या मिनिटापर्यंत आला नसेल, तर प्रास्ताविक लांबले आहे असे समजावे.

घंटा वाजल्यावर वाक्य अर्धे असले तरी थांबावे, टिपणाचा कागद तिथेच ठेवावा आणि पुढच्या दाराशी जावे. तिथला परीक्षक गुण स्वतंत्रपणे देतो आणि मागच्या खोलीत काय घडले याची त्याला कल्पना नसते.