गणनीय आणि अगणनीय नामे: इंग्रजीतील मच, मेनी, फ्यू आणि लिटल

इंग्रजी व्याकरणात ज्या नामापुढे थेट संख्या लावता येते आणि ज्याचे अनेकवचन होते, त्याला गणनीय नाम म्हणतात. ‘बुक’ हे असे नाम आहे: ‘वन बुक’, ‘टू बुक्स’. ज्यापुढे ‘अ’ किंवा ‘टू’ चालत नाही आणि ज्याचे अनेकवचन होत नाही, ते अगणनीय. ‘वॉटर’, ‘फर्निचर’, ‘ॲडव्हाइस’ ही या दुसऱ्या गटातली. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात अशा शब्दांना ‘मास वर्ड्स’, म्हणजे राशीचे शब्द म्हटले. हे नाव नेमके आहे, कारण हे शब्द वस्तू सुटी दाखवत नाहीत, तिची रास दाखवतात.

या विभागणीवर चार शब्दांची निवड ठरते. गणनीय अनेकवचनाआधी ‘मेनी’ आणि ‘फ्यू’ येतात, अगणनीय नामाआधी ‘मच’ आणि ‘लिटल’. मराठी माणसाला ही निवड अवघड जाते, कारण मराठीत ती करावीच लागत नाही. आपण ‘किती पाणी’ म्हणतो आणि ‘किती माणसे’ही म्हणतो. ‘थोडे’ हा शब्द लिंगवचनाप्रमाणे रूप बदलतो (थोडा भात, थोडी साखर, थोडे लोक), पण शब्द तोच राहतो. इंग्रजीत मात्र प्रश्न विचारण्याआधीच नाम कोणत्या गटातले, हे ठरवावे लागते.

वस्तूवरून नव्हे, शब्दावरून

शाळेत हा नियम बहुधा असा सांगितला जातो: जे मोजता येते ते गणनीय, जे मोजता येत नाही ते अगणनीय. या व्याख्येनेच बराच घोटाळा होतो. पैसे तर आपण रोज मोजतो, मग ‘हाऊ मेनी मनी’ चूक का? कारण मोजतो ते रुपये. ‘मनी’ हा शब्द इंग्रजीत राशीचा आहे. म्हणून ‘हाऊ मच मनी’, पण ‘हाऊ मेनी रुपीज’. खिशातली नोट तीच असते, फक्त तिला दिलेले नाव बदलले की प्रश्नही बदलतो.

मराठीतली अनेकवचने इथे आपल्याला चकवतात. आपण तांदूळ निवडतो, गहू दळून आणतो, पोहे भिजवतो. ‘तांदूळ महाग झाले’ असे म्हणताना क्रियापद अनेकवचनी असते. इंग्रजीत ‘राइस’ आणि ‘व्हीट’ दोन्ही एकवचनी, अगणनीय आहेत: ‘राइस इज एक्स्पेन्सिव्ह’, ‘हाऊ मच राइस’. केसांचेही तसेच. ‘माझे केस गळतात’ यावरून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ असे वाक्य तयार होते, पण डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत ‘हेअर’ हे एकच नाम असते आणि क्रियापद ‘इज’. इंग्रजी स्वतःही यात सुसंगत नाही. गहू ‘व्हीट’, एकवचनी; तशाच आकाराचे ओटचे दाणे मात्र ‘ओट्स’, अनेकवचनी. फ्रेंच भाषेत केस अनेकवचनी आहेत, फर्निचरही एक-दोन असे मोजता येते. तेव्हा हा गुण वस्तूचा नाही. तो त्या त्या भाषेतल्या शब्दाचा आहे आणि शब्दाबरोबरच शिकावा लागतो.

तरी प्रत्येक चुकीचे खापर मराठीवर फोडता येणार नाही. ‘इन्फर्मेशन्स’ ही सर्रास दिसणारी चूक पाहा. मराठीत आपण ‘माहित्या’ म्हणत नाही, ‘बरीच माहिती’ म्हणतो. ‘सामान’ही एकवचनीच, तरी ‘लगेजेस’ लिहिले जाते. इथे स्वतःच्या मराठीकडे कान दिला तरी पुरते. उलट ‘सल्ला’, ‘बातमी’, ‘काम’ यांची मराठीत सहज अनेकवचने होतात, म्हणून त्यांच्यापाशी खरी सावधगिरी हवी. ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’ आणि ‘वर्क’ इंग्रजीत अगणनीय आहेत. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असला तरी ‘द न्यूज इज गुड’ असेच म्हणतात. संख्या सांगायचीच असेल तर मध्ये एक माप घालतात: ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’, ‘थ्री आयटम्स ऑफ न्यूज’. मापाचा शब्द गणनीय असल्यामुळे त्याच्याआधी ‘मेनी’ चालतो.

एका ‘अ’चा फरक

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ या जोड्यांत आकडा तोच असू शकतो, बोलणाऱ्याचा कल मात्र वेगळा असतो. ‘अ’ असेल तर ‘आहे थोडे’ हा भाव येतो. नसेल तर ‘फारसे नाही’ हा. हा फरक मराठीला परका नाही. तो आपण ‘च’ने दाखवतो. टाकीत दोन बादल्या पाणी आहे. पाहुणे येणार नसतील तर आपण म्हणतो, ‘थोडे पाणी आहे, चालेल.’ हे झाले ‘अ लिटल वॉटर’. पाहुणे येणार असतील तर तेवढ्याच पाण्याबद्दल म्हणतो, ‘थोडेच पाणी आहे.’ हे ‘लिटल वॉटर’. तसेच ‘काही मित्र आले’ म्हणजे ‘अ फ्यू फ्रेंड्स’, आणि ‘मोजकेच मित्र आले’ म्हणजे ‘फ्यू फ्रेंड्स’. मनातल्या मराठी वाक्यात ‘च’ बसतो का, एवढे पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते. बोलताना इंग्रजी माणसे नुसते ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ कमी वापरतात. ‘नॉट मेनी’, ‘नॉट मच’ किंवा ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणतात. नुसती रूपे लेखी, थोडी औपचारिक वाटतात.

‘लिटल’मध्ये आणखी एक अडचण आहे. या शब्दाचा दुसरा अर्थ ‘छोटा’. गणनीय अनेकवचनाआधी तो आला की हाच अर्थ लागतो. ‘आय हॅव लिटल फ्रेंड्स’ लिहिणाऱ्याला ‘मला फारसे मित्र नाहीत’ म्हणायचे असते, पण वाचणाऱ्याला समजते ‘माझे मित्र लहानगे आहेत’. वाक्य व्याकरणात बसत असल्याने चूक डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून ती साध्या चुकीपेक्षा वाईट.

‘मच’चीही एक मर्यादा आहे, जी पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. प्रश्नात आणि नकारात तो मोकळेपणाने येतो: ‘हाऊ मच टाइम’, ‘नॉट मच टाइम’. ‘टू मच’, ‘सो मच’, ‘ॲज मच’ असाही तो सहज बसतो. पण साध्या होकारात, ‘आय हॅव मच टाइम’ असे म्हटले तर ते पुस्तकी आणि अडखळलेले वाटते. तिथे ‘अ लॉट ऑफ’ वापरतात. तो गणनीय आणि अगणनीय दोन्हींना चालतो, म्हणून शंका असताना तोच वापरणे शहाणपणाचे.

गट बदलणारे शब्द

कित्येक नामे दोन्ही गटांत वावरतात आणि गट बदलला की अर्थही बदलतो. परीक्षेच्या खोलीत बसलेल्या दहावीच्या मुलाचे उदाहरण घेऊ. ‘पेपर’ म्हणजे कागद हा पदार्थ असेल तर तो अगणनीय: ‘हाऊ मच पेपर डू यू नीड?’ पण ‘पेपर’ म्हणजे प्रश्नपत्रिका, वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध असेल तर गणनीय: ‘हाऊ मेनी पेपर्स आर लेफ्ट?’ म्हणजे अजून किती विषयांची परीक्षा राहिली. या मुलाला पुरवणी हवी आहे. त्याने ‘गिव्ह मी वन पेपर’ म्हटले तर पर्यवेक्षक प्रसंगावरून समजून घेतील, पण शब्दशः त्याने प्रश्नपत्रिका मागितली. त्याला म्हणायला हवे होते ‘वन शीट ऑफ पेपर’ किंवा ‘वन सप्लिमेंट’. ‘शीट’ने कागद मोजण्याजोगा केला.

अशा बदलांत दोन वाटा ठळक दिसतात. पहिली राशीकडून एककाकडे जाते. ‘कॉफी’ अगणनीय, पण हॉटेलात ‘टू कॉफीज’ म्हणजे दोन कप. हे आपल्याला नवे नाही. टपरीवर आपण ‘दोन चहा’च सांगतो, ‘दोन कप चहा’ क्वचित. मराठीत रूप बदलत नाही, इंग्रजीत ‘एस’ लागतो, एवढाच फरक. याच वाटेने प्रकारही मोजले जातात: ‘मेनी चीजेस’ म्हणजे चीजचे अनेक तुकडे नव्हेत, अनेक प्रकार.

दुसरी वाट उलटी, एककाकडून राशीकडे. आंबा गणनीय आहे, ‘मेनी मँगोज’. तोच मिक्सरमधून काढला की ‘देअर इज टू मच मँगो इन धिस शेक’. तत्त्वज्ञ फ्रान्सिस पेलेटिये यांनी १९७५ मध्ये या कल्पनेला ‘युनिव्हर्सल ग्राइंडर’, म्हणजे काहीही भरडणारे यंत्र असे नाव छापून प्रसिद्ध केले. मूळ कल्पना अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांची असल्याचे त्यांनी नोंदवले. कोंबडी या यंत्रातून गेली की काय होते ते वरच्या ‘लिटल’शी जोडून पाहण्यासारखे आहे. ‘आय सॉ अ लिटल चिकन’ म्हणजे मला कोंबडीचे पिल्लू दिसले. ‘आय एट अ लिटल चिकन’ म्हणजे मी थोडे चिकन खाल्ले. शब्द तेच, क्रमही तोच. क्रियापदावरून आपण ओळखतो की पहिल्या वाक्यात ‘लिटल’ आकार सांगतो आणि दुसऱ्यात प्रमाण.

‘एक्स्पिरियन्स’ आणि ‘वर्क’ यांचा गट चुकला तर नोकरीच्या अर्जात ते महागात पडू शकते. दहा वर्षांचा अनुभव म्हणजे कमावलेले कसब, ते अगणनीय: ‘मच एक्स्पिरियन्स’. प्रवासात आलेले बरेवाईट अनुभव गणनीय: ‘मेनी एक्स्पिरियन्सेस’. मराठीही इथे तसाच भेद करते. ‘त्याला अनुभव आहे’ आणि ‘त्याला अनुभव आले’ ही वाक्ये आपण कधी एकाच अर्थाने वापरत नाही. ‘मला खूप कामे आहेत’ याचे मात्र ‘मेनी वर्क्स’ होत नाही. ‘वर्क्स’ म्हणजे एखाद्या लेखकाच्या वा चित्रकाराच्या कलाकृती, किंवा बांधकामे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंग्रजी नावात ‘पब्लिक वर्क्स’ येते ते याच अर्थाने. कामांसाठी ‘अ लॉट ऑफ वर्क’ किंवा ‘मेनी थिंग्ज टू डू’ म्हणावे.

मराठी शब्दही असे गट बदलतात. ‘त्याच्याकडे खूप पैसा आहे’ यात पैसा रास आहे, ‘किती पैसे झाले?’ यात मोजदाद. मुलांना इंग्रजीचा नियम समजावताना या जोडीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. ‘मोजता येते की नाही’ या व्याख्येपेक्षा ती खूप लवकर पोचते.

हलत्या सीमा

‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांची तुलनेची रूपे ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’. गणनीय नामाला ‘फ्यूअर’च हवा, हा दंडक फार जुना नाही. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या लिखाणात ‘लेस’चे जुने रूप ‘शब्द’ या गणनीय नामाबरोबर आलेले आहे. १७७० मध्ये इंग्रज लेखक रॉबर्ट बेकर यांनी ‘फ्यूअर’ बरा वाटतो असे आपले मत नोंदवले आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्याचा नियम केला. आजही पैसा, वेळ आणि अंतर यांना आकडा लागला तरी ‘लेस’च येतो: ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’, ‘लेस दॅन टू अवर्स’. पाचशे रुपये इथे पाचशे सुटी नाणी नसतात, ती एक रक्कम असते.

शब्दही आपल्या हयातीत गट सोडतात. ‘डेटा’ हे लॅटिन अनेकवचन, पण आज बहुतेक जण ‘मच डेटा’ म्हणतात. ‘मेल’ म्हणजे टपाल अगणनीय. त्यापासून झालेला ‘ई-मेल’ मात्र ‘मेनी ई-मेल्स’ होऊन बसला. सर्वांत लांब प्रवास वाटाण्याचा झाला. पूर्वी ‘पीझ’ हा शब्द एकवचनी होता. त्याच्या शेवटचा ‘झ’ ऐकणाऱ्यांना अनेकवचनाचा प्रत्यय वाटला आणि सतराव्या शतकात तो काढून ‘पी’ हे नवे एकवचन घडवले गेले. जुने रूप आता ‘पीझ पुडिंग’ या पदार्थाच्या नावात उरले आहे.